रानात सोडलेला बोकड

“ओ पावणं, गाडी काढा की तिथनं.”

मी शिडीवर, हातात प्रायमरचा डबा, आणि खाली माझ्या भिंतीला अगदी चिकटून कुणाची तरी मोटरसायकल. मालक शेजारीच उभा होता, पण हलायचं नाव नाही. मान वर करून तो मी खडूनं आखलेल्या चौकटी बघत होता. पांढरा शर्ट, खांद्याला जेवणाचा डबा, नाकावरून घसरणारा चष्मा. मी हातातला डबा जरासा कलता केला. सीटवर थेंब पडले तेव्हा कुठं साहेबांना जाग आली.

“काढतो, काढतो,” तो गाडी मागं ओढत म्हणाला. “मी इथंच शिकवतो. इंग्रजी.”

“मग शिकवायचं आत असतंय सर. भिंत माझी हाय.”

तो हसला. हसताना चष्मा आणखी खाली आला. हाताला धूळ लागलेली, म्हणून त्यानं तो मनगटानं वर सारला. मला राग यायला हवा होता आणि तो आला नाही. हे काही मला आवडलं नाही.

मी क्रांती, नेसरीची. माझे वडील आकाराम पेंटर, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. गडहिंग्लज भागात उसाच्या ट्रॉल्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर अजून त्यांच्या हातची अक्षरं दिसतील. मग फ्लेक्स आला आणि आण्णांचे ब्रश वाळून गेले. मी मात्र हट्टानं हाच धंदा धरला, कोल्हापुरात मावशीकडं राहून भिंती रंगवायला लागले. आजवर रंगवलेल्या प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात ठेकेदाराचं नाव असायचं. राजारामपुरीतल्या या शाळेची भिंत पहिली अशी, जिच्यावर माझं नाव येणार होतं. संस्थेचे सचिव विजयसिंह यांनी तसा शब्द दिला होता. गॅदरिंगला पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, आणि काम पसंत पडलं तर संस्थेच्या बाकीच्या शाळांच्या भिंतीही माझ्याच.

काम साधं दिसत होतं. मुलांना इंग्रजी वाक्प्रचार यावेत म्हणून चौकटीत एकेक वाक्प्रचार लिहायचा आणि त्यामागची गोष्ट खाली चित्रात काढायची. अर्थ मला ठाऊक होते, गोष्टी ठाऊक नव्हत्या. विजयसिंह म्हणाले, यातले बहुतेक बायबलातून आलेत, आवळे सरांना विचारा, त्यांचंच आहे ते. आणि आवळे सर म्हणजे तोच, मोटरसायकलवाला. रूबेन आवळे. आजोबा चर्चचे पाळक, आई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. शाळेत नवीनच लागलेला, अजून कायम न झालेला.

मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन भिंतीपाशी यायला लागला. जानेवारीचं कोवळं ऊन असायचं. मी शिडीच्या पायरीवर बसायची, तो मोटरसायकलवर. पहिली गोष्ट त्यानं सांगितली ती भिंतीवरच्या लिखाणाची. बाबेलचा राजा बेलशस्सर सरदारांना मोठी मेजवानी देतो. दारू चढते, तशी त्याला एक हुक्की येते. यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्याचांदीची पात्रं तो मागवतो आणि देवाच्या त्या भांड्यांतून सगळे दारू पितात. तेवढ्यात हवेत माणसाच्या हाताची बोटं उमटतात. नुसती बोटं. ती दिव्यासमोरच्या भिंतीच्या गिलाव्यावर लिहायला लागतात. राजाचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागतात. दरबारातल्या एकाही पंडिताला ते वाचता येत नाही.

“मग कोण वाचतंय?” मी भाकरीचा घास हातातच धरून विचारलं.

“दानीएल. पकडून आणलेल्यांतला एक. राजा म्हणतो, जांभळा झगा देतो, सोन्याची साखळी देतो. तो म्हणतो, तुझी बक्षिसं तुलाच राहू देत, मी तसाच वाचतो.” रूबेननं बोटानं हवेत लिहून दाखवलं. “मने, मने, तकेल, ऊफारसीन. मोजलं, तोललं, वाटून टाकलं. तुझ्या राज्याचे दिवस मोजून संपलेत, तुला तराजूत तोललं तर तू कमी भरलास, आणि तुझं राज्य फोडून मेदी आणि पारसी लोकांना दिलंय. त्याच रात्री राजा मारला जातो. म्हणून इंग्रजीत, येणारं संकट समोर ढळढळीत दिसत असलं की म्हणतात, भिंतीवर लिहिलेलं आहे.”

एवढं तोंडपाठ कसं, असं मी विचारलं. तो लाजला. चर्चमधल्या मुलांच्या नाटकात त्याला काम मिळालं होतं… हाताचं. सबंध नाटकभर तो पडद्यामागं स्टुलावर उभा होता आणि लोकांना फक्त त्याचं मनगट दिसलं होतं. मी इतकी हसले की रंगाचा डबा लवंडला.

मग मिठाची गोष्ट झाली. येशू डोंगरावर बसून कोळी, शेतकरी अशा साध्यासुध्या माणसांना सांगतो, की तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात. पण मिठाचा खारटपणाच गेला तर ते कशानं खारट करणार? ते बाहेर टाकायच्या आणि पायाखाली तुडवायच्याच लायकीचं. मी म्हटलं, ही थाप. मीठ कधी खारटपणा सोडतं का? तो म्हणाला, त्या काळी तिकडं समुद्राकाठचं मीठ माती मिसळलेलं असायचं, ओल लागली की खार निघून जायचा आणि नुसती कचकच उरायची, असं जाणकार म्हणतात. आपल्याकडं मिठाला जागायचं म्हणजे ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान राखायचं. यांचं मीठ वेगळं. हे स्वतःच गुपचूप सगळ्याला चव आणतं. अशा सरळ, भल्या माणसाला इंग्रजीत पृथ्वीचं मीठ म्हणतात.

एकदा तर आमचं भांडण झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण त्यानं बायबलातली म्हणून सांगितली. मी म्हटलं, ही आमच्या नेसरीची, आमची धोंडुबाई आत्ती दिवसातून कितीदा तरी म्हणते. त्यानं मोबाईलवर मराठी बायबल उघडून दाखवलं. खरंच, कुसळ आणि मुसळ. कुणी कुणाकडून घेतलं देव जाणे. मग आत्ती ख्रिस्तीच म्हणायची, असं तो मला चिडवत राहिला आणि त्याच दिवशी कधीतरी तो मला ‘तू’ म्हणायला लागला. मी ‘सर’ सोडलं नाही. तेवढं तरी अंतर असावं, असं मी मनाला सांगत होते. मन ऐकत नव्हतं.

चौकटी भरत गेल्या. बाबेलच्याच आधीच्या एका राजाच्या स्वप्नातला पुतळा काढला. सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि पावलं मात्र अर्धी लोखंडाची अर्धी मातीची, त्यामुळं एक धोंडा पावलांवर बसताच सगळा कोसळलेला. मोठ्या माणसातल्या लपलेल्या उणिवेला इंग्रजीत म्हणूनच मातीचे पाय म्हणतात. हात धुणारा रोमी सुभेदार पिलात काढला. पकडून आणलेला येशू निर्दोष आहे हे त्याला कळत होतं, तरी लोकांच्या गलक्याला भिऊन त्यानं पाणी मागवलं, सगळ्यांदेखत हात धुतले, याच्या रक्ताशी माझा संबंध नाही म्हणाला, आणि त्याला क्रुसावर द्यायला सोपवून मोकळा झाला. पिलाताची बोटं काढताना रूबेन नमुना म्हणून हात पुढं करून उभा राहिला होता. मी ती बोटं जरा जास्तच वेळ बघितली. त्यालाही ते कळलं असावं, कारण सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी हात तसाच होता.

शेवटची चौकट राहिली, ती बोकडाची. दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारतात त्याला इंग्रजीत स्केपगोट म्हणतात.

“याची काय गोष्ट हाय सर?”

तो पहिल्यांदाच अडखळला. चष्मा पुसला. “बळीचा बकरा… तोच की. लोक पाप करायचे, मग देवळापुढं बोकड कापायचे. म्हणजे पाप जायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मला ती गोष्ट सोपी वाटली. बोकड काढायला मला कुणाला विचारायची गरज नव्हती, आमच्या गावच्या जत्रेत मी ते लहानपणापासून बघत आले होते. मी जीव ओतून काढला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू, पुढं पाण्याचा तांब्या आणि शेजारी लखलखती सुरी. बोकडाच्या डोळ्यांत असं भय आणलं की रूबेन दोन पावलं मागं सरला. मग म्हणाला, तुझ्या हातात काहीतरी आहे, क्रांती. मी कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. बोटांना रंग होता, तरी त्यानं माझा हात धरला आणि सोडायच्या आधी क्षणभर थांबला. त्याच्या बाहीला लाल डाग पडला. तो मी पुसू दिला नाही.

गॅदरिंगच्या दिवशी मी मावशीची काठाची साडी नेसले होते. पाहुणे आले, फीत कापली. विजयसिंह एकेका चौकटीपाशी थांबून माझं कौतुक करत होते, मी पदर सावरत मागून चालत होते आणि जमिनीला पाय लागत नव्हते. पालकांत रूबेनची आई, करुणाबाईही आल्या होत्या. ठसठशीत आवाजाच्या, सरळ बाई. बोकडापाशी येऊन त्या थबकल्या.

“अगं बाई, हा कापायला कशाला काढलाय? हा तर जिता सोडायचा बोकड.”

सगळे थांबले. त्यांनी तिथंच सांगितलं, अगदी सहज, की शास्त्रात हा बोकड मारत नाहीत, रानात सोडतात. मागून कुणीतरी म्हणालं, बायबलात जत्रा कुठनं आली, आणि हशा पिकला. पाहुणेही हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मुलाकडं बघितलं.

“रूबेन, तू बघितलं न्हाईस व्हय रे?”

मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. चष्मा वर सारला आणि म्हणाला, “मी… बघायला हवं होतं.”

किती सभ्य वाक्य. ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतोय. विजयसिंह माझ्याकडं वळले, हळू पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले, की देवाधर्माचं काम आहे, न विचारता मनानं काढायचं नसतं. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. पण त्याची नोकरी पक्की नव्हती. आणि खरं सांगायचं तर, सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्यायला माझी जीभच वळली नाही. मी म्हटलं, “चुकलं.”

मंडपावरचा एक अभिनंदनाचा फ्लेक्स सोडवून आणला गेला आणि माझ्या चौकटीवर ताणून बांधला. बोकड गेला, कोपऱ्यातलं नावही गेलं. आण्णांचा धंदा ज्यानं बसवला त्याच फ्लेक्सखाली. मी मुलांचे नाच न बघता मावशीकडं गेले, साडी बदलली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. हसले ते लोक आठवून लाज वाटत होती. त्याहून जास्त लाज याची वाटत होती, की गप्प राहिले ते कुणासाठी.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी ब्रश आणि डबे न्यायला गेले. तो भिंतीपाशी उभा होता, गाडी नव्हती, चालत आला होता. हातात आईचं जाडजूड बायबल. तो काही बोलायच्या आत मी पिलाताच्या चौकटीकडं बोट केलं.

“त्यानं निदान पाणी तरी मागवलं होतं. तुम्ही कोरडेच हात झटकले.”

तो पांढरा पडला. मग एकेक शब्द शोधत बोलायला लागला. सगळे त्याला विचारतात, तुमचंच आहे म्हणून. पाळकाचा नातू, त्याला येणारच. आणि त्यानं लहानपणीच्या चार गोष्टींपलीकडं बायबल कधी वाचलंच नव्हतं, याची त्याला कायम लाज वाटायची. घरी आईला सांगता येत नव्हतं, शाळेत कुणाला सांगता येत नव्हतं.

“आणि तू विचारलंस तेव्हा… तुझ्यासमोर माहीत नाही म्हणवेना.”

“माझ्यासमोरच कशापाय?”

“तुला कळत नाही?”

“कळतंय. पन आज मला ते ऐकायचं न्हाय.” मी मानेनंच त्याच्या हातातलं पुस्तक दाखवलं. “बोकडाचं सांगा. खरं काय हाय ते.”

त्यानं पुस्तक उघडलं. वर्षातून एकदा, लोकांची पापं धुवायचा एक दिवस असायचा. लोकांकडून दोन बोकड घ्यायचे, दोन. त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. एक निघायचा देवाच्या नावाचा, तो कापायचे. दुसरा जिवंत उभा करायचे. मुख्य याजक, म्हणजे मंदिराचा मोठा पुजारी, आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि सगळ्या लोकांनी केलेलं सगळं वाईट तोंडानं बोलून त्याच्या माथी द्यायचा. मग नेमलेला माणूस त्याला दूर ओसाड रानात नेऊन सोडायचा. तो ते सगळं घेऊन जायचा. इंग्रजी शब्दही त्याच्यावरूनच आला. पाचशे वर्षांपूर्वी बायबलाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्यानं निसटून गेलेला बोकड अशा अर्थानं तो घडवला. आपण मराठीत बळीचा बकरा म्हणतो, म्हणून डोळ्यांपुढं सुरी येते. रूबेननं शब्दावरून अंदाज ठोकला होता, आणि मी त्या अंदाजाला माळ घातली होती.

“म्हंजे चूक एकाची, आन रानात दुसराच,” मी म्हणाले.

“हो.”

“आन तो याजक, तोंडानं बोलतो? समद्यांदेखत?”

“…हो.”

“मग मला एकटीला सांगून काय उपेग? बोला की.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग शाळेच्या फाटकाकडं. रिक्षांतून पोरं उतरायला लागली होती. मी ब्रश पिशवीत भरले, पण पाय निघेना. परिपाठाची घंटा झाली. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या, आणि रूबेननं माईक मागून घेतला.

मी फाटकापाशी उभी होते. तो आधी खाकरला, माईक किंचाळला, पोरं खिदळली. मग तो बोलला. “बोकडाचं चित्र चुकलं ते पेंटरांमुळं नाही, माझ्यामुळं. त्यांनी मला विचारलं होतं. मला येत नव्हतं आणि मी येतं असं दाखवलं. शनिवारी आईनं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी बघायला हवं होतं म्हणालो, तेही खोटंच होतं, कारण सांगितलं मीच होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही ते सांगितलं नाही.” हे सगळं त्यानं मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, कारण सोमवारचा परिपाठ इंग्रजीचा असायचा. त्याचे कान लाल झाले होते. हे मागितलं मीच होतं, आणि आता मलाच बघवत नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्याचीसुद्धा लाज वाटली.

विजयसिंह हाताची घडी घालून ऐकत होते. नंतर त्यांनी त्याला ऑफिसात घेतलं. आत काय झालं ते मला खिडकीतून ऐकू आलं, आणि ते मी इथं सांगणार नाही. नोकरी राहिली, पण कायम व्हायचं आणखी एक वर्ष लांबलं. बाहेर येऊन विजयसिंह मला म्हणाले, फ्लेक्स काढा आणि नीट करून द्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. पण जाता जाता, नाव असू द्या तसंच, असं म्हणाले, आणि दुसऱ्या शाळेची भिंत कधी बघायला येताय ते विचारलं.

मी सुरी खरवडली. माळ पुसली, कुंकू पुसलं, तांब्यावर दगड आणि काटेरी झुडपं आणली. बोकडाचे डोळे मात्र ठेवले. फक्त मान फिरवली, आता तो मागं वळून बघत होता आणि पुढं मोकळं रान होतं. रूबेन शाळा सुटेपर्यंत आलाच नाही. आला तेव्हा शिडीपासून लांब उभा राहिला. मी बोलवीन की नाही याचा अंदाज घेत असावा.

“शिडी धरा की सर. हलालीया.”

त्यानं शिडी धरली. मी उतरले, शेवटच्या पायरीवर थांबले, त्यामुळं आमचे चेहरे सारख्या उंचीवर आले.

“आता ऐकशील का?” त्यानं विचारलं. “सकाळी ऐकायचं नव्हतं ते?”

“सांगा.”

तो बोलला. इतक्या हळू, की चष्म्याच्या काचेवर त्याचाच श्वास आला. मी ऐकलं, प्रत्येक शब्द ऐकला, आणि माझ्या हातातला ब्रश कुठं टेकवावा ते मला कळेना.

“माझंबी तसंच हाय,” मी म्हणाले. “पन एवढ्यानं भागायचं न्हाय. रविवारी नेसरीला यायचं. आण्णांना कमी ऐकू येतंय, त्यांना जरा मोठ्यानं सांगायला लागंल.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत उडाला. “पाळकाच्या घरचा आहे, नोकरी कच्ची आहे, आणि त्यांच्या लेकीला चार माणसांत मान खाली घालायला लावली… क्रांती, त्यांना सांगू तरी काय?”

“हेच सांगायचं,” मी त्याचा चष्मा वर सारत म्हणाले. “आता जमतंय की तुम्हाला.”